जुनं मशीन विकताना हिशेब कुठे चुकतो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक भागीदारीतलं मशीन शॉप आहे, असं समजू. तिथली जुनी व्हीएमसी आयकराच्या हिशेबात घसारा वजा जाता 8 लाखांची उरली आहे, आणि डीलर तिचे 5 लाख द्यायला तयार आहे. नवी 25 लाखांची. मालक म्हणतात, "तीन लाखांचा तोटा सोसून कशाला विकायची?"

पण हे 8 लाख म्हणजे पूर्वी खर्च झालेल्या पैशाचा उरलेला आकडा. मशीन ठेवलं काय, विकलं काय, तो पैसा परत येत नाही. आज हाती येणारे 5 लाख मात्र खरे आहेत.

त्या 3 लाखांवर लगेच करसवलत मिळेल, हाही गैरसमजच. आपल्याकडे एकाच घसारा-दराच्या सगळ्या मशीनचा मिळून एक 'ब्लॉक' धरतात. साधारण यंत्रांसाठी दर 15 टक्के. जुनं विकलं की ब्लॉकमधून विक्रीचे 5 लाख वजा होतात, नव्याचे 25 लाख मिळवले जातात. म्हणजे ब्लॉक 20 लाखांनी वाढतो. पहिल्या वर्षी त्यावर 3 लाख घसारा, आणि 30 टक्के दराने 90 हजारांचा कर वाचतो. ही बचत पुढे दरवर्षी घटत जाते. 12 टक्के व्याजदराने आजच्या मोलात ती सगळी मिळून सुमारे 3.3 लाख भरते. म्हणजे बदलीचा खरा खर्च 16.7 लाख. त्या '3 लाखांच्या तोट्या'चं काय? तो ब्लॉकमध्येच राहतो आणि घसाऱ्यातून हळूहळू वसूल होतो.

आता दुसरी बाजू. वीज, दुरुस्ती आणि रिजेक्शन मिळून वर्षाला 6 लाख वाचले, तर कर जाऊन 4.2 लाख उरतात; पाच वर्षांचं आजचं मोल सुमारे 15.1 लाख. पाच वर्षांनी नवं मशीन 7 लाखांना जाईल, जुनं ठेवलं असतं तर 1 लाखाला गेलं असतं. या फरकाचं आजचं मोल, त्यावरचा कराचा परिणाम धरून, 2.8 लाख. एकूण 18 लाखांच्या आसपास, म्हणून बदल परवडतो. पण बचत 6 ऐवजी 5 लाखच झाली, तर हाच सौदा लाखभराने तोट्यात जातो. माझ्या मते मालकांनी घासाघीस करण्याआधी हा बचतीचा आकडा जॉबकार्डांवरून आणि वीजबिलांवरून पक्का करावा.

तारखांकडेही लक्ष हवं. नवं मशीन त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी चाललं, तर त्यावर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. खरा धोका ब्लॉकमध्ये एकच मशीन असणाऱ्यांना आहे. जुनं मार्चमध्ये विकलं आणि नवं एप्रिलमध्ये आलं, तर 31 मार्चला ब्लॉक रिकामा होतो. मग उरलेले 3 लाख अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरतात, आणि तो धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, फक्त भांडवली नफ्यातूनच. असा नफा पुढच्या आठ वर्षांत झालाच नाही, तर ती वजावट कायमची बुडते. तेव्हा जुन्याच्या विक्रीची तारीख ठरवण्याआधी नव्याच्या डिलिव्हरीची तारीख लेखी घ्या.