लाल रंगाला किती घाबरायचं?

यंत्राचा एखादा भाग संगणकावर तपासला की पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंगांचं चित्र उमटतं. लाल दिसलं की भाग तुटणार, असं नवखा माणूस धरून चालतो. पण सॉफ्टवेअर त्या चित्रातल्या सर्वात जास्त ताणाला लाल रंग देतं, मग तो ताण 5 मेगापास्कल का असेना. म्हणून आधी बाजूच्या रंगपट्टीवरचे आकडे वाचावेत.

एक साधं उदाहरण घेऊ. काटकोनी ब्रॅकेट, साधं पोलाद. उभा भाग भिंतीला घट्ट बसवलेला, आडवी पट्टी 100 मिलिमीटर लांब, 40 रुंद, 6 जाड. टोकाला 300 न्यूटन, म्हणजे साधारण 30 किलोचा भार. कागदावर हिशेब केला तर मुळाशी ताण येतो 125 मेगापास्कल. हे पोलाद 250 ला कायमचं वाकायला लागतं. भागाकार 2, हाच फॅक्टर ऑफ सेफ्टी.

आता संगणकावर याच ब्रॅकेटचे बारीक तुकडे पाडू. या जाळीला मेश म्हणतात. समजा, आतल्या कोपऱ्यात ताण आला 190. तुकड्यांचा आकार निम्मा केला, तर 260. पुन्हा निम्मा केला, 356. सेफ्टी फॅक्टर 1 च्या खाली गेला! ब्रॅकेट मात्र तेच, भारही तोच.

दोष कोपऱ्याच्या आकारात आहे. अगदी धारदार आतल्या काटकोनात गणिताप्रमाणे ताण अनंत होतो, त्यामुळे जाळी निम्मी केली की आकडा दर वेळी सुमारे 37 टक्के चढत राहतो. हा आकडा कधीच थांबणार नाही, तेव्हा त्यावरून काढलेल्या सेफ्टी फॅक्टरला काही अर्थ नाही. गंमत म्हणजे टोकाचं वाकणं मात्र 0.7 मिलिमीटरच्या आसपास लवकर स्थिरावतं. तेवढंच पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

पट्टी वाकवून केलेल्या ब्रॅकेटला आतून गोलाई असतेच. मॉडेल काढताना आपण ती आळसाने सोडतो. ती काढा आणि जाळी पुन्हा बारीक करा. आकडे समजा 160, 171, 174 असे आले, तर ते स्थिरावताहेत. 250 भागिले 174, म्हणजे 1.4. विश्वास ठेवायचा तो या आकड्यावर, आणि तोही स्थिर भारापुरताच. भार रोज हजारदा चढत-उतरत असेल तर थकव्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

जाडीभरडी जाळी उलटाही दगा देते, ताण कमी दाखवते. नॉर्वेतल्या स्लाइपनर ए या तेल-वायू फलाटाच्या काँक्रीटच्या पायाचं असंच झालं. संगणकाने भिंतींतला कातरताण सुमारे 47 टक्के कमी दाखवला आणि 23 ऑगस्ट 1991 रोजी चाचणीत पाणी भरताना तो पाया बुडाला. नंतरच्या बारकाईच्या हिशेबात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती.