नित्य विषय आणि तात्कालिक विषय : गुळवेलीचे उदाहरण

लोकशिक्षणासाठी चित्रफिती व लेख प्रसिद्ध करणाऱ्या वैद्यांना वर्षभराचे विषय आधी ठरवावे लागतात. हे विषय दोन प्रकारचे असतात. तात्कालिक विषयास चर्चा चालू असेपर्यंत प्रेक्षक मिळतो. नित्य विषयाचा आरंभ संथ असतो; परंतु तोच प्रश्न दरवर्षी नवे रुग्ण विचारतात, म्हणून त्याचा प्रेक्षक टिकतो.

गुळवेलीच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. २०२०च्या साथीत ‘प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल’ हा विषय सर्वांच्या तोंडी झाला. २०२१मध्ये मुंबईतील चिकित्सकांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. सेवन केलेली वनस्पती कोणती याची निश्चिती झालेली नाही, हा त्यातील एक मुद्दा होता. ‘रोज गुळवेल घ्या’ एवढेच सांगणारी जुनी चित्रफीत या वादानंतरही शोधणाऱ्यास सापडतच राहते, आणि तिची जबाबदारी वैद्याकडेच राहते.

याच चर्चेत एक नित्य विषय दडलेला होता : खरी गुळवेल कशी ओळखावी? टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही निराळी वेल. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व कापल्यास दुधासारखा स्राव येतो. गुळवेलीत ही दोन्ही लक्षणे नसतात. गुळवेलीच्या फुलास ६ पाकळ्या, क्रिस्पाच्या फुलास ३. परसातील वेल तोडणारा रुग्ण आणि ओला माल घेणारा औषधालयचालक, दोघांनाही ही माहिती दहा वर्षांनीही लागेल. वाळलेल्या तुकड्यांवर किंवा चूर्णावर मात्र ही परीक्षा चालत नाही, तेथे प्रयोगशाळेची तपासणीच हवी, हेही त्यात सांगावे.

नियोजन करताना महिन्याच्या चार जागांपैकी तीन नित्य विषयांस द्याव्यात व चौथी रिकामी ठेवावी. नित्य विषय रुग्णांच्या नोंदवहीतून निवडावेत. जो प्रश्न पाच वर्षांपूर्वीही विचारला जात होता, तो बहुधा नित्य असतो. ऋतुचर्येचा विषय दरवर्षी परततो, म्हणून वर्षाऋतूचा आहारविहार मे महिन्यातच प्रसिद्ध करावा. चौथ्या जागी चर्चेतला विषय घ्यावा, पण त्यातील नित्य प्रश्न शोधूनच.

निवड साधली की नाही, हे तीन महिन्यांनी पाहावे. यूट्यूबच्या अहवालात ‘YouTube search’ या मार्गाने प्रेक्षक येतच असतील, तर विषय नित्य ठरला. पहिल्या आठवड्यानंतर आलेख तळाला टेकला असेल, तर तो तात्कालिक होता.

नित्य विषयही एकदा लिहून सोडून देता येत नाही. वर्षातून एकदा तो पुन्हा वाचावा, नवी माहिती जोडावी आणि जे चुकीचे ठरले ते काढून टाकावे.