टँकर उशिरा आला, चूक कुणाची?

शालेय नाट्यस्पर्धेत परीक्षकाच्या हाती येणाऱ्या गुणपत्रिकेवर बहुधा चार रकाने असतात: संहिता, अभिनय, दिग्दर्शन आणि तांत्रिक बाजू. रकाने चार असले तरी रंगमंचावर घडणारी गोष्ट एकच असते. एखादा प्रवेश पडला, तर तो कशामुळे पडला हे शोधल्याशिवाय कुठल्या रकान्यातले गुण कापायचे ते ठरवता येत नाही. हा शोध घेतला नाही, तर शिक्षा बहुतेक वेळा समोर उभ्या असलेल्या मुलाला होते, कारण प्रेक्षागृहातून तेवढाच दिसत असतो. मला परीक्षणातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचं काम हेच वाटतं.

शाळांमधून नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक नमुना घेऊ. पाणीटंचाईवरचं अर्ध्या तासाचं नाटक, चौदा मुलं, सात प्रवेश. घर, शाळा, विहीर, सरपंचांचं अंगण, पुन्हा शाळा, पुन्हा घर आणि शेवटी टँकर येतो तो चौक. सात प्रवेश म्हणजे मध्ये सहा ब्लॅकआउट. प्रत्येकाला चाळीस सेकंद लागली, तरी तीस मिनिटांतली चार मिनिटं प्रेक्षक काळोखात बसले. नाटक रेंगाळलं असं सगळेच म्हणतील. पण ते रेंगाळवलं कुणी?

यासाठी परीक्षकाने घड्याळाकडे लक्ष ठेवावं. सहाही ब्लॅकआउट सारखेच लांब असतील, तर दोष आधी संहितेचा आहे. लेखकाने मालिकेसारखी ठिकाणं बदलली आणि प्रत्येक ठिकाणी नवं सामान मागितलं. त्यानंतर दिग्दर्शकाचा, कारण एका कोपऱ्यात खाट ठेवून घर आणि दुसऱ्या कोपऱ्यात रहाट उभा करून विहीर दाखवली असती, तर नुसता प्रकाश इकडून तिकडे नेऊन काम झालं असतं. पण पाच ब्लॅकआउट पंधरा सेकंदांत उरकले आणि सहावाच मिनिटभर चालला, तर चूक विंगेतली आहे. कुठली वस्तू कुणी उचलायची आणि कुठे ठेवायची, हे तिथे ठरलेलं नव्हतं. उजेड आल्यावर एखादा मुलगा अजून हंडा सरकवताना दिसला, की खात्री पटते.

आता शेवटचा प्रवेश पाहू. मुलं चौकात वाट पाहत आहेत. आजोबा झालेला मुलगा म्हणतो, ‘आला रे टँकर!’ पण हॉर्न वाजत नाही. मुलं थिजतात. दोन-तीन सेकंदांनी रांगेतली एक मुलगी पुढे येऊन म्हणते, ‘आवाज नाही येत, पण धूळ दिसतेय बघा!’ आणि मग हॉर्न वाजतो. वरवर पाहता संगीत देणाऱ्याचा क्यू चुकला, तांत्रिक गुण कापा. पण परीक्षकाच्या समोर संहितेची प्रत असेल, तर दिसतं की हॉर्नचा क्यू आजोबांच्या आधीच्या वाक्यावर होता आणि ते वाक्य मुलगा विसरला. विंगेत बसलेला विद्यार्थी नेमून दिलेल्या शब्दाची वाट पाहत राहिला. त्याने सांगितलं तेच केलं. त्याला तिथून रंगमंच दिसत नसेल, तर एकाच शब्दावर अवलंबून राहणारा क्यू ठेवणं आणि दुसरी खूण न ठरवणं ही दिग्दर्शनातली उणीव आहे. आजोबांचं विसरलेलं वाक्य ही अभिनयातली लहान चूक. आणि त्या मुलीने प्रसंगात राहून, भूमिकेच्याच भाषेत जागा भरून काढली. तिला अभिनयाचे गुण द्यायला हवेत. एका अडखळण्यातून तीन वेगवेगळे निर्णय निघतात, आणि तांत्रिक रकान्याला फारसा धक्काही लागत नाही.

अभिनय आणि दिग्दर्शन यांची सीमारेषा तर फारच पुसट असते. शाळेच्या नाटकांत एक ओळखीचा हेल ऐकू येतो: प्रत्येक वाक्य वर चढवायचं, शेवटचा शब्द लांबवायचा आणि हात पुढे करायचा. एकच मूल तसं बोलत असेल, तर ती त्या मुलाची सवय. चौदाही मुलं तशीच बोलत असतील, तर कुणीतरी वाक्य म्हणून दाखवलं आहे आणि मुलांनी त्याची नक्कल केली आहे. तिथे मुलांचे गुण कापणं अन्यायाचं होईल. मी अशा वेळी संवाद नसलेल्या मुलांकडे पाहतो. विहिरीवरच्या गर्दीत मागे उभी असलेली मुलगी भांडण ऐकताना खरंच ऐकते आहे का, की आईबाबा कुठे बसलेत ते शोधते आहे? मागच्या रांगेतली मुलंही प्रसंगात असतील, तर दिग्दर्शकाने तालमी मन लावून घेतल्या आहेत, हे समजावं.

मोठ्या आवाजाचे गुण अभिनयात धरू नयेत. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं पाहिजे हे खरं, पण टांगलेल्या माइकपासून दूर, मागच्या कोपऱ्यात महत्त्वाचं वाक्य बोलायला लावलं असेल, तर न ऐकू येण्याचं कारण दिग्दर्शकाने आखलेल्या हालचालीत आहे. आणि ध्वनिमुद्रित संवादांवर मुलं नुसते ओठ हलवत असतील, तर वाचिक अभिनय तपासायला काही उरतच नाही.

संहितेबद्दल एकच आग्रह: ती प्रयोगाआधी वाचावी. चांगल्या नटांनी कमकुवत संहिता तारून नेली, की प्रयोगानंतर ती चांगलीच वाटू लागते. वाचताना पाहायचं ते हे की दहा-बारा वर्षांचं मूल हे वाक्य बोलेल का. ‘जलव्यवस्थापनाचा ऱ्हास’ सहावीतल्या मुलाच्या तोंडी आला, की लेखकाने स्वतःचं भाषण त्याच्या हाती दिलेलं असतं. शेवटच्या प्रवेशात सगळ्यांनी रांगेत उभं राहून प्रेक्षकांना उपदेश करणं हा त्याचाच मोठा भाऊ.

व्यावसायिक बालनाट्याची मोजपट्टी मात्र इथे चालत नाही. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू करून रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मराठी बालरंगभूमीवर भव्य नेपथ्य आणि चमत्कारांचं आकर्षण आहे. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली, म्हणजे एका जाणत्या नटाने. शाळेकडे ना तो नट, ना ते नेपथ्य. भाड्याने आणलेल्या महागड्या सेटपेक्षा मुलांनी स्वतः हलवलेला पुठ्ठ्याचा टँकर प्रसंगाला जास्त उपयोगी पडला, तर गुण त्याला द्यावेत. मोठ्यांनी प्रकाश किंवा संगीत सांभाळलेलं चालतं का, हा नियम स्पर्धेगणिक बदलू शकतो; तो आयोजकांना आधीच विचारून घ्यावा, नाहीतर नियम पाळणारी शाळा मागे पडते.

प्रयोग चालू असताना आकडे लिहू नयेत. मी फक्त घडलेलं टिपतो: ‘चौथा ब्लॅकआउट लांबला’, ‘सरपंचाची पाठ प्रेक्षकांकडे’, ‘धूळ, छान’. आकडे पडदा पडल्यावर. दिवसातल्या पहिल्या नाटकाचे गुण पेन्सिलीने लिहावेत आणि तीन-चार नाटकं पाहून झाल्यावर पुन्हा तपासावेत, कारण सकाळी तुलनेला काहीच नसतं. परीक्षकांमध्ये एखाद्या रकान्यात मोठं अंतर पडलं, तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. ज्या प्रसंगावरून अंतर पडलं, तो टिपणांवरून पुन्हा उभा करावा. एकाने उशिरा वाजलेल्या हॉर्नचे गुण तांत्रिक बाजूत कापलेले असतात, दुसऱ्याने दिग्दर्शनात. ते समोर आलं, की बेरीज करण्याआधीच बराचसा वाद मिटतो, आणि नंतर भेटायला येणाऱ्या शिक्षकांना कुठल्या वाक्यावर, कुठल्या क्यूवर गुण गेले, ते नेमकं सांगता येतं.