पेल्यातलं विज्ञान : दुधाने कॉफी मवाळ होते का?

छत्रपती संभाजीनगरच्या कॅनॉटमध्ये कॅपुचिनो मागवली की कडक कॉफीवर फेसाळ दूध येतं. घरची कॉफी वेगळी: जवळजवळ सगळं दूधच, साखर, वर किसलेलं जायफळ. ती पिऊन तरतरी येत नाही, असं म्हणत आपण दुधाला बोल लावतो.

दुधाचा त्यात फारसा हात नाही. कॅफीन पाण्यात विरघळतं, आतड्यातून जवळपास सगळं रक्तात उतरतं आणि दूध त्याला नष्ट करत नाही. सायीच्या दुधामुळे पोट जरा सावकाश रिकामं होतं, त्यामुळे असर थोडा उशिरा जाणवू शकतो. कॅफीन मात्र तेवढंच राहतं.

मग तरतरी जाते कुठे? पावडरीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्टंट कॉफीत 30 टक्के चिकोरी असते आणि चिकोरीत कॅफीन अजिबात नसतं. 2 ग्रॅमचा एक चमचा घेतला, तर त्यात कॉफी 1.4 ग्रॅम. इन्स्टंट कॉफीत साधारण 3 टक्के कॅफीन धरलं, तर कपात 42 मिलिग्रॅमच्या आसपास आलं. पोरांसाठी म्हणून अर्धाच चमचा टाकला की ते 21 वर येतं. लग्नाच्या हॉलमध्ये ‘एस्प्रेसो’ म्हणून मिळणाऱ्या फेसाळ गोड दुधाचंही हेच. नाव मात्र मोठं.

दुधामुळे कॉफीतली अँटिऑक्सिडंट्स कमी मिळतात का, हा प्रश्न मात्र एवढा सरळ नाही. कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लं दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतात, हे परीक्षानळीत दिसतं. पोटात ती पुन्हा सुटतात का, हा खरा मुद्दा. 2010च्या एका अभ्यासात नऊ जणांना इन्स्टंट कॉफी दिली, कधी बिनदुधाची, कधी 10 टक्के दूध घालून. रक्तात उतरलेल्या घटकांत लक्षणीय फरक पडला नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2011मध्ये मात्र कॉफी थेट सायीसकट दुधातच विरघळवली आणि पाच जणांची चोवीस तासांची लघवी तपासली. पाण्यातल्या कॉफीनंतर सरासरी 68 टक्के घटक लघवीत सापडले, दुधातल्या कॉफीनंतर 40 टक्के.

मला हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. प्रश्न दुधाच्या प्रमाणाचा दिसतो, आणि आपली जायफळाची कॉफी ब्राझीलच्या पेल्याच्या जवळची आहे. अर्थात पाच जण म्हणजे फारच थोडे, शिवाय प्रत्येकाच्या आकड्यांत मोठी तफावत होती. तरी लघवीत घटक कमी सापडले म्हणजे शरीराचा तोटाच झाला, असंही नाही. कोपनहेगन विद्यापीठाच्या 2023च्या प्रयोगात कॉफीत असतात तशी पॉलिफेनॉल्स एका अमिनो आम्लाशी जोडल्यावर प्रतिकारपेशींमधला दाह सुट्या पॉलिफेनॉल्सपेक्षा दुप्पट परिणामकारकपणे आवरला गेला. हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर झाला होता, माणसांवर नाही.