सोफा सगळ्यात शेवटी

माझ्या भाचीचं लग्न फेब्रुवारीत झालं आणि १ मार्चला दोघं पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहायला गेली. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ६५ हजार. घरात एक चमचाही यायच्या आधी लाखभर रुपये गेले, ते कुठे गेले ते आधी सांगते. डिपॉझिट ६० हजार, पहिलं भाडं १७ हजार, दलालाला एका महिन्याचं भाडं म्हणजे आणखी १७ हजार. टेम्पो आणि हमाली साडेतीन हजार. उरलेले अडीच हजार लिव्ह अँड लायसन्स कराराचे. त्यात मुद्रांक शुल्क पाचशेच्या आतबाहेर आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार, बाकीचे करार करून देणाऱ्याचे. नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे, तेव्हा 'नोटरी करून भागवू' असं घरमालक म्हणाला तरी ऐकू नये.

यातले ६० हजार परत यायचे आहेत, पण अकरा महिन्यांनी. फर्निचरचा हिशेब करताना ते धरायचेच नाहीत.

आता दरमहाचं. भाडं १७, किराणा-दूध-भाजी १२, वीज-गॅस-मोबाइल-नेट ३, पेट्रोल ६, दोन्हीकडच्या आईवडिलांना मिळून ६, औषधं-आहेर-हॉटेल ६, आणि हात लावायची नाही अशी शिल्लक ५. झाले ५५ हजार. उरलेले १० हजार हे त्यांचं फर्निचरचं बजेट. जावयांनी ते पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. हप्ता भरायचा तो वस्तू घेण्याआधी, स्वतःलाच.

दुकानदार अर्थातच उलट सांगतो. फ्रिज घेताना 'नो कॉस्ट ईएमआय'चा आग्रह झाला. भाचीने रोख किंमत विचारली, तर ती एक हजाराने कमी निघाली. म्हणजे व्याज होतंच, ते सवलतीत लपलं होतं. वर प्रोसेसिंग फी असते, आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचा जीएसटीही लागतो. एकच हप्ता असेल तर निभतं. पण फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पलंग असे तीन हप्ते एकावर एक चढले, की दहा हजार महिना सुरू होण्याआधीच संपलेले असतात आणि गॅसची शेगडी बिघडली तरी उधारी करावी लागते.

आहेराच्या पाकिटांतून २५ हजार उरले होते. त्यात पहिल्याच आठवड्यात १५ हजारांचा एका दाराचा फ्रिज आणि ९ हजारांची गादी घेतली. मार्च-एप्रिलच्या उन्हात फ्रिज नसेल तर भाजी नासते आणि बाहेरचं खाणं वाढतं, त्यामुळे तो थांबवण्यात बचत नव्हती. पलंग मात्र थांबू शकतो. गादी चटईवर टाकली, रोज सकाळी भिंतीला उभी केली. फरशीवर तशीच पडून राहिली तर खालून ओल धरते. मार्चचे दहा हजार पडदे, बादल्या, डबे आणि नळ-दिव्यांच्या दुरुस्तीत कधी गेले ते कळलंही नाही. तेवढे गृहीत धरावेत. एप्रिलमध्ये सात हजारांचं जुनं लोखंडी कपाट आलं. मेअखेरीस शिल्लक तेरा हजार झाली आणि त्यातून १२ हजारांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आलं. पावसाळ्याआधी मशीन हवंच, कारण हाताने पिळलेले कपडे जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाहीत.

चूक झाली ती पलंगात. गादी ६० बाय ७८ इंचांची होती. ऑगस्टमध्ये चौदा हजारांचा पलंग घ्यायला गेली, तेव्हा पसंत पडलेला ७५ इंच लांबीचा निघाला. तीन इंच गादी बाहेर लोंबली असती. जुळणारा पलंग मिळेपर्यंत तीन दुकानं पालथी घालावी लागली. गादी आधी घेणार असाल तर तिची लांबी-रुंदी मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि पलंगाचं माप चौकटीच्या आतून घ्या. खोलीचं माप तर त्याहून आधी. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये पलंगाएवढे वर्तमानपत्राचे कागद जमिनीवर पसरून पाहिले, तेव्हाच कळलं की कपाटाचं दार अर्धंच उघडेल. कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं. पलंग घेतला तो नटबोल्टचा, सुटा होणारा. भाड्याच्या घरातलं सामान पुन्हा टेम्पोत चढायचं असतं, आणि जोडलेलं प्लायवूडचं फर्निचर दोनदा हललं की खिळखिळं होतं.

हॉलमध्ये अजून सतरंजी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आईकडची जुनी आरामखुर्ची आहे. पाहुणे येतात, बसतात, चहा पितात. दिवाळीच्या सेलमध्ये सोफा पाहून ठेवला आहे, पण करार ३१ जानेवारीला संपतो आणि घरमालक भाडं वाढवणार की घर रिकामं करायला सांगणार ते डिसेंबरात कळेल. सोफ्याचं त्यानंतर.