एका पैशाचा वाद

एका वस्तूची किंमत 53.50 रुपये, त्यावर 5 टक्के कर. कागदावर उत्तर येते 2.675. अर्धा पैसा वर ढकलायचा, तर 2.68. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र 2.67 दिसू शकते आणि हिशेबनीस बुचकळ्यात पडतो.

संगणक सहसा अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि तिथे 2.675 नेमके मांडताच येत नाही. सर्वात जवळची साठवता येणारी संख्या 2.67499999999999982 च्या आसपास असते. ती अर्ध्याच्या किंचित खाली असल्याने दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित केली की 2.67 उरते. गंमत म्हणजे 53.50 ला 5 ने गुणून 100 ने भागले तर हे होते, थेट 0.05 ने गुणले तर 2.6750000000000003 येते आणि उत्तर 2.68! सूत्र गणिताने एकच, निकाल दोन.

अशा शंभर ओळी असल्या, तर एका यंत्रणेत कर 267 रुपये, दुसरीत 268. आणि ओळीओळीला न करता शेवटी एकूण 5350 वर कर काढला, तर 267.50. हा तिसरा फरक द्विमानाचा नाही, पूर्णांकन कुठे केले त्याचा आहे. म्हणून रकमा पैशांत पूर्ण संख्येने किंवा दशमान प्रकारात ठेवल्या तरी तो जात नाही. दोन्ही बाजूंनी जागा आधी ठरवावी लागते.

तपासताना बेरजा नव्हे, ओळी जुळवा. बिघडलेल्या ओळी बरोबर अर्ध्या पैशावरच्या निघाल्या, तर चोर सापडला.