कोटेशनच्या पहिल्या पानावरचे तीन परिच्छेद

कोटेशनसोबत जे एक पानी कव्हरिंग लेटर जातं, ते लिहिणाऱ्याला उपचार वाटतं. खरी मेहनत मागच्या तक्त्यात असते. पण ग्राहकाच्या ऑफिसात मालक बहुधा पहिलंच पान वाचतो आणि पैसे सोडताना अकाउंट्सवालाही तेच पुढ्यात ठेवतो. म्हणून पैसे कधी, कर किती आणि भाव कुठवर कायम, या तिन्हींची उत्तरं त्या पानावर अशी हवीत की कुणाला फोन करून विचारावं लागू नये.

उदाहरणादाखल एक काल्पनिक व्यवहार घेऊ. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर रत्नागिरीच्या आंबा पल्प कारखान्याला स्टेनलेस स्टीलच्या दोन साठवण टाक्या देऊ करतो. टाक्यांचे 6,00,000 रुपये, वाहतूक आणि जोडणीचे 50,000. पत्रात तो नेहमीचा मजकूर टाकतो:

“पेमेंट : 40 टक्के अ‍ॅडव्हान्स, 50 टक्के डिलिव्हरीच्या वेळी, 10 टक्के इन्स्टॉलेशननंतर. टॅक्स एक्स्ट्रा, लागू असेल त्याप्रमाणे. व्हॅलिडिटी 15 दिवस. पूर्वसूचना न देता दर बदलू शकतात.”

असा मजकूर आपण इतक्यांदा पाहिलेला असतो की त्यातली भोकं दिसेनाशी होतात. पहिलं भोक म्हणजे 40 टक्के कशाचे? मूळ रक्कम 6,50,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,17,000, म्हणजे एकूण 7,67,000. फॅब्रिकेटरने एकूण रकमेचे 40 टक्के, म्हणजे 3,06,800 धरले आणि पत्र्याची ऑर्डर त्या हिशेबाने दिली. ग्राहकाच्या अकाउंट्सने मूळ रकमेचे 40 टक्के, म्हणजे 2,60,000 पाठवले. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि पहिल्याच हप्त्यात 46,800 रुपयांचा फरक पडला आहे.

हा पेच सोडवायचा तर जीएसटी कोणत्या हप्त्यात वसूल करायचा, हे आधी ठरवावं लागतं. मालाच्या विक्रीत अ‍ॅडव्हान्स मिळाला म्हणून जीएसटी भरावा लागत नाही. नोव्हेंबर 2017 पासून ही सवलत आहे. कराची जबाबदारी येते ती टॅक्स इन्व्हॉइसच्या वेळी. माल पाठवताना इन्व्हॉइस निघतो आणि मासिक रिटर्न भरणाऱ्याला तो कर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत सरकारात भरावा लागतो. मग सरळ मार्ग हा, की अ‍ॅडव्हान्स मूळ रकमेवर घ्यावा आणि पूर्ण जीएसटी डिस्पॅचच्या हप्त्यात जोडावा. कर स्वतःच्या खिशातून भरण्याची पाळी येत नाही आणि ग्राहकालाही इन्व्हॉइस हाती असतानाच कर द्यावा लागतो. काम निव्वळ सेवेचं असेल किंवा जागेवरच कायमचं बांधकाम करून द्यायचं असेल, तर मात्र अ‍ॅडव्हान्सवरही जीएसटी लागतो. तिथे प्रत्येक हप्त्यात त्याचा कर दाखवावा.

“टॅक्स एक्स्ट्रा” हे दोन शब्द काढून दर आणि रक्कम दोन्ही लिहावं. वाहतूक आणि जोडणी आपल्याच बिलात असेल तर तीही करपात्र किमतीत धरावी लागते. कोल्हापूरहून रत्नागिरीला माल गेला तर 9 टक्के सीजीएसटी आणि 9 टक्के एसजीएसटी. याच टाक्या म्हापशाला पोचवायच्या असत्या तर 18 टक्के आयजीएसटी लागला असता, बेरीज तीच. दर मध्येच बदलला तर काय, हेही एका वाक्यात सांगावं. 22 सप्टेंबर 2025 ला अनेक वस्तूंचे जीएसटी दर बदलले, तेव्हा आधी दिलेल्या कोटेशनांवर हा प्रश्न आलाच असणार. इन्व्हॉइसच्या तारखेचा दर लागेल आणि फरक वाढीचा असो की कपातीचा, तो ग्राहकाच्या खाती जाईल, एवढं लिहिलं की वादाला जागा उरत नाही.

दुसरं मोठं भोक हप्त्यांच्या शब्दांत आहे. “डिलिव्हरीच्या वेळी” म्हणजे टेम्पो शिरोलीतून निघण्याआधी, की रत्नागिरीत माल उतरल्यावर? पैसे हातात येण्याआधी माल गेला, तर विक्रेत्याचा जोर संपतो. म्हणून हप्ता अशा घटनेला बांधावा, जी दोघांना दिसते आणि जिची तारीख कागदावर येते. टाकीच्या कामात ती घटना तयारच असते : पाणी भरून घेतलेली गळती चाचणी. “इन्स्टॉलेशननंतर” हा शब्द त्याहून धोक्याचा. ग्राहकाचा चौथराच तयार नसेल तर टाक्या महिनोन्‌महिने आवारात पडून राहतात आणि शेवटचे 65,000 अडकतात. त्यावर उपाय म्हणजे घटनेला दिवसांची कमाल मर्यादा जोडणं. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडची पेमेंटची मुदत कायद्याला मान्य नाही. लेखी मुदतच ठरली नसेल तर ती 15 दिवसांची धरतात.

तिसरी गोष्ट व्हॅलिडिटी. 15 दिवस कुठून मोजायचे? पत्राच्या तारखेपासून, मेल मिळाल्यापासून, की फोनवर बोलणं झालं तेव्हापासून? दिवस न मोजता तारीख लिहावी. त्या तारखेपर्यंत काय हाती यायला हवं, तेही सांगावं. नुसता पीओ पुरे, की अ‍ॅडव्हान्सही जमा व्हायला हवा? आणि “पूर्वसूचना न देता दर बदलू शकतात” हे वाक्य खोडावंच, कारण ते शेजारच्या मुदतीलाच खोटं पाडतं. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे स्वीकार कळवला जाण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो आणि दिलेली मुदत उलटली की तो आपोआप संपतो. म्हणजे विक्रेत्याला संरक्षण आधीच आहे. ग्राहकाचा पीओ वेगळ्या अटींसह आला, तर तो स्वीकार ठरत नाही, नवा प्रस्ताव ठरतो. म्हणून पीओ आला की त्याच्या अटी पत्राशी ताडून पाहाव्यात.

आता तेच पत्र नव्याने :

“किंमत : दोन टाक्या, वाहतूक व जोडणीसह 6,50,000 रुपये. जीएसटी 18 टक्के (सीजीएसटी 9, एसजीएसटी 9) 1,17,000. एकूण 7,67,000. जीएसटीचा दर बदलल्यास इन्व्हॉइसच्या तारखेचा दर लागू होईल; वाढ किंवा कपात ग्राहकाच्या खाती.

पेमेंट : (1) पीओसोबत 2,60,000. (2) आमच्या कारखान्यात गळती चाचणी झाल्यावर, माल निघण्यापूर्वी 3,25,000 अधिक पूर्ण जीएसटी 1,17,000, म्हणजे 4,42,000. चाचणीची तारीख तीन दिवस आधी मेलने कळवू. (3) जोडणी पूर्ण झाल्यावर सात दिवसांत, किंवा माल पोचल्यापासून 30 दिवसांत, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा 65,000.

मुदत : हे दर 20 जानेवारी 2026, मंगळवार, संध्याकाळी 5 वाजेपर्यंत कायम. तोवर पीओ आणि पहिला हप्ता दोन्ही मिळाल्यास ऑर्डर याच दरात घेऊ. त्यानंतर नवं कोटेशन देऊ.”

पत्र लांबलं हे खरं. पण टक्केवारी जाऊन रुपये आले, “वेळी” आणि “नंतर” जाऊन घटना आणि तारखा आल्या. तिन्ही परिच्छेदांचा क्रमही मुद्दाम तसा आहे : आधी एकूण आकडा, मग त्याचे तुकडे, मग तो कुठवर टिकेल.

पाठवण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. तिन्ही हप्त्यांची बेरीज एकूण रकमेला रुपयाशी रुपया जुळली पाहिजे : 2,60,000, 4,42,000 आणि 65,000 मिळून 7,67,000. आणि हेच आकडे मागच्या तक्त्यातही असले पाहिजेत. तक्त्यात वाटाघाटीनंतर भाव बदलतो, पत्रात जुनाच राहून जातो आणि ग्राहक त्यातला कमी आकडा धरून बसतो. भाव बदलला की पत्रावरचा रिव्हिजन नंबर आणि तारीख बदलावी, आणि आधीचं कोटेशन रद्द झाल्याचं पहिल्याच ओळीत लिहावं.